ग्रिपरचं बोट परत परत जॉबच्या डोक्यावर आपटतंय? आधी डेप्थ इमेजमधली शून्यं बघा

बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका जॉबवर्क शेडमध्ये आम्ही रोबोटने क्रेटमधून जॉब उचलून वॉशिंगच्या कन्व्हेयरवर ठेवायचं स्टेशन लावलंय. त्यात एक त्रास सहा महिन्यांत चार वेळा परत परत आला, दर वेळी वाटलं आता गेला, आणि दर वेळी वेगळा चेहरा घेऊन परत उभा. शेवटी कारण एकच निघालं म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण बेळगावात आणि तिकडं होनग्याच्या बाजूला बरेच जण आता असलं स्टेशन लावायच्या विचारात आहेत आणि बहुतेकांना हेच भेटणार.

आधी सेटअप सांगतो. क्रेट साधा निळा प्लॅस्टिकचा. जॉब दर आठवड्याला वेगळे, कारण आसपासच्या चार फौंड्र्यांचं कास्टिंग मशीनिंगला येतं, आज हायड्रॉलिकची बॉडी तर उद्या कसलं तरी ब्रॅकेट, कुणी ड्रॉइंग देतं कुणी देत नाही, त्यामुळे प्रत्येक जॉबचं थ्रीडी मॉडेल भरून ते क्रेटमध्ये शोधायचं हा रस्ता आमच्यासाठी बंदच होता. जॉब ओळखायचाच नाही, फक्त डेप्थ इमेज, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला कॅमेऱ्यापासूनचं अंतर देणारी इमेज, बघून दोन बोटांना धरता येईल अशी जागा शोधायची. कॅमेरा स्टिरिओ, म्हणजे दोन डोळ्यांचा, मध्ये इन्फ्रारेड ठिपके टाकणारा प्रोजेक्टर, क्रेटच्या तळापासून ७०० मिमी वर फिक्स बसवलेला. दोन डोळ्यांतलं अंतर ५० मिमी, फोकल लेंथ साधारण ६४० पिक्सेल. ग्रिपर दोन बोटांचा, ६० मिमी उघडतो, बोट ८ मिमी जाड आणि १२ मिमी रुंद.

पकड शोधायची पद्धत पण साधी. डेप्थ जिथं एकदम बदलते तिथं कडा मानायची, समोरासमोरच्या दोन कडा घ्यायच्या, त्यांना जोडणारी रेघ दोन्ही बाजूच्या नॉर्मलशी घर्षणाच्या कोनात बसते का बघायचं (घर्षणांक ०.३ धरला तर तो कोन साधारण १७ अंश येतो, तेलकट जॉबला त्याहून कमीच धरा), अंतर ६० मिमीच्या आत आहे का बघायचं, मग दोन बोटं जिथं उतरणार तिथं काही आडवं येतंय का बघायचं, आणि जे उरेल त्यातलं सगळ्यात वरचं आणि जास्त मार्कांचं निवडायचं.

आता त्रास काय होता ते. पहिल्या महिन्यात ग्रिपर खाली जायचा आणि एक बोट बरोबर जॉबच्या मशीनिंग केलेल्या फेसवर आपटायचं, रोबोट प्रोटेक्टिव्ह स्टॉपला जायचा. रीसेट केलं की परत त्याच जागी. ऑपरेटर मामा दिवसातून दहा वेळा फोन करायचे, "ओ दादा, हे बघा की, परत त्याच जाग्याला बसालाय, खाली लोखंड हाय ते दिसंना काय त्याला?" आणि खरं सांगतो, त्यांनी जे विचारलं तेच उत्तर होतं. दिसत नव्हतं त्याला. आम्ही मात्र पंधरा दिवस कॅलिब्रेशन परत परत करत बसलो, चेकरबोर्ड घेऊन हात-डोळा कॅलिब्रेशन तीन वेळा केलं, दर वेळी एरर एक मिमीच्या आतच. इथं पहिली खूण लक्षात ठेवा, कॅलिब्रेशन चुकलं असेल तर सगळ्याच पकडी एकाच दिशेला सरकलेल्या दिसतात. आमच्याकडे दहातल्या सात एकदम अचूक बसायच्या आणि तीन एकदम भलत्याच. असं असेल तर कॅलिब्रेशनला हात लावू नका.

मग काय करायचं तर कच्ची डेप्थ इमेज सेव्ह करा. कच्ची म्हणजे कुठलाच फिल्टर लागायच्या आधीची. आणि त्यात जिथं जिथं शून्य आहे ते पिक्सेल लाल रंगवून स्क्रीनवर बघा.

```python
raw = depth.copy()            # मिमी, फिल्टरच्या आधी
view = cv2.convertScaleAbs(raw, alpha=255/800)
view = cv2.cvtColor(view, cv2.COLOR_GRAY2BGR)
view[raw == 0] = (0, 0, 255)
```

आम्ही हे केलं तेव्हा क्रेटमध्ये गोवर उठल्यासारखं लाल दिसलं. आणि आपटलेल्या प्रत्येक पकडीचं एक तरी बोट त्या लालमध्येच पडत होतं. शून्य म्हणजे शून्य मिमी अंतर नव्हे हे सगळ्यांना माहीत असतं, शून्य म्हणजे "मला कळलं नाही". पण आमच्या प्रोग्रॅममध्ये पहिल्याच ओळीत होल फिलिंग, म्हणजे शून्यं आजूबाजूच्या आकड्यांनी भरणं, लावलेलं होतं, त्यामुळे "कळलं नाही" हे पुढच्या कुणालाच कळत नव्हतं, पुढच्यांना एक छान गुळगुळीत आकडा मिळायचा आणि ते त्याच्यावर विश्वास ठेवायचे.

या शून्यांचा मेन घोळ असा की ती दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतात आणि दोन्हीचं खरं उत्तर एकमेकाच्या उलट असतं.

पहिलं कारण सावली. उजेडाची सावली नव्हे, नजरेची. वरच्या जॉबच्या कडेपाशी खालचा भाग एका डोळ्याला दिसतो आणि दुसऱ्याला वरचा जॉब आड येतो, दोन्ही डोळ्यांना दिसल्याशिवाय अंतर काढता येत नाही, म्हणून तिथं शून्य. डाव्या डोळ्याची इमेज रेफरन्स असेल तर ही पट्टी जॉबच्या डाव्या बाजूला येते. तिची रुंदी पण हिशोबाने काढता येते:

```
w = f * b * (1/z1 - 1/z2)
```

f म्हणजे फोकल लेंथ, b दोन डोळ्यांतलं अंतर, z1 म्हणजे वरच्या जॉबचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर, z2 खालच्याचं. इथं खरी जागा सहसा खोल असते, कारण तिथं तेवढंच उंच काही उभं असतं तर ते दोन्ही डोळ्यांना दिसलं असतं.

दुसरं कारण चमक. मशीनिंग केलेला फेस, त्यावर कूलंटचा ओलावा, प्रोजेक्टरचे ठिपके तिथून आरशासारखे भलतीकडे जातात किंवा एका डोळ्याला एकदम पांढरा धब्बा दिसतो, जुळवायला काही उरत नाही, परत शून्य. पण इथं खरी जागा वर आहे. सपाट, घट्ट लोखंड.

म्हणजे एकाच शून्याचा अर्थ एका ठिकाणी "खाली खोल आहे" आणि दुसऱ्या ठिकाणी "इथं लोखंड आहे". मग कुठल्याही एका नियमाने शून्य भरलं की एक तरी चूक ठरलेलीच. हे कळायच्या आधी आम्ही नेमकं तेच करत होतो, एक नियम बदलून दुसरा लावत होतो आणि त्रास फक्त कूस बदलत होता.

आमच्याच एका फोटोवर दाखवतो. चौकोनी बॉडी उभी पडलेली, ४५ मिमी रुंद, वरचा फेस कॅमेऱ्यापासून ६२० मिमी, भोवतीचा खालचा थर ६९० मिमी. ६२० वर एक पिक्सेल म्हणजे ०.९७ मिमी, त्यामुळे हा जॉब इमेजमध्ये ४६ पिक्सेल रुंद. फेसच्या मध्यभागी चमकेमुळे २० पिक्सेल रुंदीचं शून्याचं डबकं. पहिल्या महिन्यात आमचं होल फिलिंग "आजूबाजूचं सगळ्यात लांबचं" या नियमावर होतं. आता तुम्ही म्हणाल डबक्याच्या आजूबाजूला सगळीकडे ६२० च आहे मग लांबचं कुठून आलं, तर हे डबकं एका कोपऱ्यात जॉबच्या कडेपर्यंत ओघळलेलं होतं आणि डाव्या बाजूच्या सावलीला मिळालेलं होतं, तिथून ६९० आत शिरलं आणि सगळं डबकं ६९० ने भरलं. झालं, घट्ट लोखंडाच्या फेसला प्रोग्रॅमच्या लेखी ७० मिमी खोल खिसा पडला, आणि त्याच्या दोन्ही बाजूला १३-१३ पिक्सेलच्या, म्हणजे साडेबारा मिमीच्या दोन छान भिंती उभ्या राहिल्या.

बोटाचं टोक वरच्या फेसच्या २५ मिमी खाली न्यायचं, म्हणजे ६४५ ला. "खिशात" ६९० आहे, म्हणजे ४५ मिमी मोकळं, प्रोग्रॅम म्हणाला जागा आहे. बोट गेलं आणि ६२० च्या लोखंडावर आपटलं.

इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आम्हाला वाटायचं असल्या खोट्या जागा शंभरात पाच-दहा असतील, निवड चांगली असेल तर त्या मागे पडतील. उलट होतं. खऱ्या कडेवर दीड-दोन मिमीचा नॉइज असतो, नॉर्मल हलतात, मार्क कमी पडतात. भरलेली कडा मात्र पट्टीने मारल्यासारखी सरळ, नॉर्मल अगदी समोरासमोर, मार्क पैकीच्या पैकी. आणि आपण निवडतो काय तर जास्तीत जास्त मार्कवाली. म्हणजे खोट्या जागा अपघाताने निवडल्या जात नाहीत, प्रोग्रॅम त्यांना शोधून शोधून काढतो. म्हणूनच रीसेट केल्यावर परत तिथंच जायचा, फोटो तोच, शून्यं तीच, उत्तर तेच.

दुसऱ्या खेपेला आम्ही नियम उलटा केला, "आजूबाजूचं सगळ्यात जवळचं" घेऊन भरायचं. आपटणं त्याच दिवशी बंद झालं आणि मी खुशीत घरी गेलो. आठवड्याभरात मामांचा फोन, आता जॉब तिरका धरतोय, उचलताना फिरतोय, आणि कधी दोन जॉब मिळून एकच समजून दोन्हीला धरायला जातोय. याचा पण हिशोब लगेच लागतो. ३८ मिमीचा जॉब, वर ६२०, खाली ६९०. सावलीची पट्टी:

```
w = 640 * 50 * (1/620 - 1/690) = 5.2 px
```

ही पाच पिक्सेलची पट्टी जवळच्या आकड्याने भरली की जॉब डाव्या बाजूला साधारण ५ मिमी वाढतो. ३८ चा ४३ झाला, मध्य अडीच मिमी डावीकडे सरकला, उजवं बोट आधी टेकतं, जॉबला ढकलतं, तेलकट जॉब फिरतो. आणि दोन सारख्या उंचीच्या जॉबमध्ये फट पाच मिमीच्या आत असेल तर ती सगळी फट सावलीत जाते, भरून निघते, दोन जॉबचा एक रुंद जॉब होतो.

मधला रस्ता म्हणून इनपेंटिंग पण करून बघितलं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मधला उतार काढून भरायचं. त्यात कडा कुठं आहे तेच पुसट झालं, उभ्या भिंतीच्या जागी घसरगुंडी तयार होते आणि नॉर्मल सगळे तिरके. बघायला इमेज फार छान दिसते, डेमोत लोकांना आवडते, पण पकडीसाठी ती सगळ्यात फसवी.

कुणी म्हणेल हे जुन्या पद्धतीने कडा शोधता म्हणून होतंय, न्यूरल नेटवर्क लावा. लावून बघा, माझी ना नाही, आम्ही पण २०१८ मध्ये आलेल्या जीजी-सीएनएनसारखं, प्रत्येक पिक्सेलला पकडीचा दर्जा, कोन आणि रुंदी देणारं नेटवर्क चालवून बघितलं. पण त्यालाही आत जाणारी इमेज शून्यं भरूनच द्यावी लागते, त्याच्या उघड उपलब्ध कोडमध्ये सुद्धा इनपेंटिंग आहे. २०१७ चं डेक्स-नेट २.० तर ६७ लाख कॉम्प्युटरवर तयार केलेल्या पॉइंट क्लाउडवर शिकवलेलं. ओल्या कास्ट आयर्नच्या फेसवर खिसा पडलेला दाखवला तर तेही बिचारं खिसाच समजणार.

उपाय. सगळ्यात आधी शून्य कमी करायचं काम, आणि ते सॉफ्टवेअरच्या बाहेर. कुठलं शून्य कशामुळे आहे हे ओळखायला आम्ही हे केलं: क्रेट जसाच्या तसा १८० अंशात फिरवला आणि परत फोटो काढला. सावलीच्या पट्ट्या इमेजमध्ये जॉबच्या डाव्या बाजूलाच राहतात, जॉब कसाही फिरवा. चमकेची डबकी मात्र जॉब आणि लाइटप्रमाणे जागा बदलतात, छोटी-मोठी होतात. दुसरी खूण, एक्स्पोजर निम्मं करा, डबकी आकसली तर चमक. सावलीला एक्स्पोजरचं काहीच सोयरसुतक नाही.

चमकेसाठी आम्ही दोन एक्स्पोजरचे दोन फोटो घेतो, एक कमी एक जास्त, आणि जिथं एकात शून्य आणि दुसऱ्यात खरा आकडा आहे तिथं तो खरा आकडा घेतो. यात काही मनाने भरलेलं नाही, मोजलेलंच आहे, म्हणून हे चालतं. दुसरं म्हणजे छत. शेडला उजेडासाठी मध्ये मध्ये पारदर्शक पत्रे आहेत, बेळगावात जून ते सप्टेंबर आभाळच उघडत नाही त्यामुळे पावसाळ्यात बसवलेलं स्टेशन मस्त चाललं, आणि दसऱ्यानंतर ऊन पडायला लागलं तसं रोज सकाळी साडेदहा ते बारा स्टेशन आजारी. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, प्रोजेक्टरचे ठिपके त्यात धुऊन जातात. मामांनीच पकडलं हे, "ऊन पाट्यावर आलं की ह्याचं डोकं फिरालंय बघा." क्रेटवर काळी ताडपत्री धरली की पाच सेकंदात शून्यं निम्म्यावर. आता वर कायमचं छप्पर केलंय पत्र्याचं, खर्च किरकोळ. तुमचा त्रास घड्याळ बघून येत असेल तर कोडच्या आधी छताकडे बघा.

एवढं करून जी शून्यं उरतात ती भरायचीच नाहीत. हाच आमचा खरा उपाय. डेप्थ इमेजच्या बरोबरीने एक "खरंच दिसलं का" असा मास्क शेवटपर्यंत न्यायचा आणि बोट उतरवताना न दिसलेली जागा अडथळा समजायची.

```python
def finger_ok(z, valid, box, z_tip, margin=4.0):
    y0, y1, x0, x1 = box
    v = valid[y0:y1, x0:x1]          # bool
    if v.mean() < 0.9:
        return False                 # दिसलंच नाही, उतरू नको
    seen = z[y0:y1, x0:x1][v]
    return np.percentile(seen, 5) > z_tip + margin
```

बोटाच्या जागेतले ९० टक्के पिक्सेल तरी दिसलेले असावेत, आणि दिसलेल्यांमधले जवळचे जवळचे सुद्धा टोकापेक्षा ४ मिमी खाली असावेत. ४ कुठून आले तर आमच्या कॅमेऱ्याला ७०० मिमीवर एका पिक्सेलच्या दशांश डिस्पॅरिटीची चूक म्हणजे दीड मिमी (`z*z/(f*b)` काढा, १५.३ मिमी येतात, त्याचा दशांश), त्याच्या अडीचपट धरलंय. ग्रिपर तिरका असेल तर आधी इमेज आणि मास्क दोन्ही फिरवून घ्यायचे, आणि त्यातच पुढची खोच आहे, ती खाली सांगतो.

कडांना पण तोच नियम. कडेची वरची बाजू आणि खालची बाजू दोन्ही मोजलेल्या असतील तरच ती कडा पक्की. आता याचा परिणाम असा होतो की जॉबच्या डाव्या कडा जवळजवळ सगळ्या बाद, कारण तिथं सावली ठरलेली. पहिल्या दिवशी घाबरलो, पकडी निम्म्या झाल्या. पण बघितलं तर उरलेल्या बहुतेक पकडी इमेजमध्ये वर-खाली मिटणाऱ्या, म्हणजे दोन डोळ्यांच्या रेषेला काटकोनात. तिथं सावली पडत नाही, दोन्ही कडा स्वच्छ. त्या पकडी जवळपास सगळ्या बसतात. नवीन स्टेशन लावणार असाल तर हे आधीच डोक्यात ठेवा, क्रेटमध्ये जॉब साधारण एका दिशेला पडत असतील तर कॅमेरा असा फिरवून बसवा की डोळ्यांची रेष जॉबच्या लांबीच्या दिशेत येईल, म्हणजे रुंदीत धरायच्या कडा सावलीत जाणार नाहीत.

तरीही डावी-उजवी पकड लागतेच कधी कधी. तिच्यासाठी वरचा फॉर्म्युला परत कामाला येतो. डाव्या कडेला लागून असलेल्या शून्याच्या पट्टीची रुंदी मोजायची, पट्टीच्या दोन्ही टोकांचे z1 आणि z2 घेऊन w काढायचा. ५.२ यायला हवं आणि पट्टी ४ ते ७ पिक्सेल असेल तर ती सावली, जॉबची खरी कडा पट्टीच्या उजव्या टोकाला, पलीकडचं खरं अंतर z2. बोट पूर्ण उघडून उतरवलं तर ३८ च्या जॉबला दोन्ही बाजूला ११ मिमी सुटतात, सावली साडेपाच मिमीची, म्हणजे बोट उतरतं ते दिसलेल्या जागेत आणि मिटताना फक्त सावलीतून सरकतं. हे आम्ही चालवून घेतो. पट्टी २० पिक्सेलची निघाली तर ती सावली असूच शकत नाही, सोडून द्यायचं. मध्येच एक प्रश्न येतो की जॉबच्या फेसमधलं बंद डबकं, चारी बाजूंनी ६२०, ते तरी भरावं का? आम्ही नाही भरत. बुशच्या आरपार भोकाला सुद्धा आत डेप्थ मिळत नाही आणि तेही असंच दिसतं, चारी बाजूंनी ६२० आणि मध्ये शून्य. फोटोवरून चमक आणि भोक यात फरक करायची खात्री नाही तर बोट तिथं घालायचं नाही, बाहेरून धरायचं.

हे सगळं लावल्यावर दोन महिने शांत गेले. मग परत आलं, दोनदा, आणि दोन्ही वेळेला दार वेगळं.

एकदा आमच्याच मुलाने स्पीड वाढवायला इमेज निम्म्या साइजची केली, `cv2.resize` साध्या डिफॉल्टवर, आणि मास्क त्याच्यानंतर काढला. डिफॉल्टमध्ये शेजारच्या पिक्सेलची सरासरी होते, शून्य आणि ६९० ची सुद्धा. निम्मं-निम्मं मिसळलं तर ३४५ येतं, ते क्रेटच्या काठाच्याही वर म्हणून आपण कापून टाकतो, कळतं तरी. पण इमेज फिरवताना मिसळायचं प्रमाण काहीही असू शकतं, एक दशांश शून्य आणि नऊ दशांश ६९० म्हणजे ६२१, बरोबर वरच्या थराच्या जॉबची उंची! मोकळ्या जागेत बारीक बारीक भिंती उगवल्या आणि ग्रिपर त्या धरायला जाऊ लागला. मास्क नेहमी कच्च्या इमेजवरून काढा, साइज बदलताना आणि फिरवताना `cv2.INTER_NEAREST` वापरा, इमेजला पण आणि मास्कला पण. तिरक्या पकडीची खोच म्हणालो ती हीच.

दुसऱ्यांदा ग्रिपर हवेतच मिटायला लागला. म्हणजे एक जॉब नीट उचलायचा, ठेवायचा, आणि पुढच्या खेपेला नेमक्या त्याच मोकळ्या जागेवर जाऊन काहीच नसताना मिटायचा. ही खूण एवढी पक्की आहे की हे दिसलं की सरळ टेम्पोरल फिल्टर बघा. हा फिल्टर आधीच्या फ्रेमचे आकडे धरून ठेवतो, एखाद्या पिक्सेलला आत्ता शून्य आलं तर जुना आकडा देतो. जॉब उचलला, त्या जागी आता शेजारच्या जॉबची सावली पडली, शून्य आलं, आणि फिल्टरने गेलेल्या जॉबचीच उंची परत दिली. स्थिर सीनमध्ये नॉइज कमी करायला फिल्टर चांगलाच आहे, पण प्रत्येक उचलीनंतर तो कोरा करायला हवा. आम्ही जुना आकडा धरून ठेवायचं बंद केलं आणि हात बाजूला गेल्यावर नव्याने आठ फ्रेम घेऊन त्यांचा मध्यक काढतो, त्यात ज्या पिक्सेलला पाचपेक्षा कमी वेळा आकडा मिळाला तो न दिसलेलाच.

आणखी एक साधी गोष्ट केली ती आधीच करायला हवी होती. पकड फसली की त्या जागेभोवती २० मिमीचा गोल पुढच्या तीन प्रयत्नांसाठी बंद. मूळ रोग बरा होत नाही याने, पण एकाच जागी आपटत राहून लाइन थांबायची ती थांबत नाही, आणि फसलेल्या जागेची कच्ची इमेज आपोआप सेव्ह होते, ती बघायला सोमवारी अर्धा तास ठेवलाय.

जे सुटलेलं नाही ते पण सांगतो. क्रेटच्या भिंतीला चिकटून पडलेले शेवटचे दोन-तीन जॉब. भिंत अगदी तिरप्या नजरेत येते, तिथली डेप्थ तुटक, आणि न दिसलेलं म्हणजे अडथळा हा नियम लावल्यावर तिथं पकडच निघत नाही. तेव्हा प्रोग्रॅम "पकड नाही" म्हणून सांगतो, रोबोट बंद बोटांनी जॉबला वरून दिसणाऱ्या बाजूने दहा मिमी आत ढकलून बघतो, दोनदा जमलं नाही तर दिवा लागतो आणि मामा हाताने सरकवतात. मालकांना आधी हे पटलं नव्हतं, म्हणाले रिकामा क्रेट पूर्ण रोबोटनेच करायला पाहिजे. मग नियम सैल करून अर्धा दिवस चालवून दाखवलं, एका बोटाचं पॅड फाटलं आणि क्रेटची भिंत चिरली. आता दिवा लागला की मामा येतात, जॉब सरकवतात, आणि जाताना स्क्रीनवरचं लाल किती आहे ते एकदा बघून जातात.